जांभळा शिंजीर: फोटोवरून पिसारा, वय आणि लिंग ओळखणं

जांभळा शिंजीर म्हणजे आपल्या इंदूरच्या प्रत्येक बागेत दिसणारा तो चिमुकला, वाकड्या चोचीचा पक्षी, हिंदीत शक्करखोरा, शास्त्रीय नाव सिनिरिस एशियाटिकस. लांबी जेमतेम 10 सेंटीमीटर. फोटोवरून पक्ष्याचं वय आणि लिंग ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात ह्याच्यापासून करावी असं माझं मत आहे, कारण एक तर तो घरबसल्या मिळतो, सिरपूर तलावावर पहाटे उठून जायची गरज नाही, आणि दुसरं म्हणजे ह्याच्या इतकी फसगत फार कमी पक्षी करतात. काळा चकचकीत दिसला की नर, पिवळा दिसला की मादी, असं सगळे धरून चालतात. पहिलं अर्ध बऱ्यापैकी खरं आहे. दुसरं अर्ध चूक आहे, आणि ही नोंद मुख्यतः त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे.

पिवळ्या शिंजिरात निदान तीन प्रकारचे पक्षी लपलेले असतात. एक खरी मोठी मादी: वरून मळकट हिरवट-तपकिरी, खालून फिकट पिवळी, डोळ्यावर पुसटशी भुवई, शेपूट गडद आणि तिच्या कडेच्या पिसांची टोकं पांढरट. दुसरं पिल्लू म्हणजे घरट्यातून बाहेर पडलेलं बाळ, नर असो की मादी, दोघंही आईसारखेच दिसतात. तिसरा मोठा नर, जो विणीचा हंगाम संपल्यावर आपला काळा-निळा पोशाख उतरवून मादीसारखा पिवळा होतो, ह्या अवस्थेला पक्षीवाले एक्लिप्स म्हणतात. आपल्याकडे मुख्य वीण उन्हाळ्यात, आणि एक्लिप्समधले नर साधारण पावसाळा संपता संपता दिसायला लागतात ते थंडी चांगली पडेपर्यंत. पळस फुलतो तोपर्यंत बहुतेक नर परत काळे झालेले असतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये बागेत चार पिवळे शिंजीर दिसले तर त्या चारही माद्या आहेत असं समजणं म्हणजे गणपतीच्या पंगतीत धोतर नाही म्हणून सगळ्यांना बायका समजण्यासारखं आहे.

आता फोटोत बघायचं काय. बहुतेक जण आधी पोट बघतात, कारण एक्लिप्समधल्या नराच्या हनुवटीपासून पोटाकडे मधोमध एक काळी पट्टी उतरते, जणू कोणी शाईच्या ब्रशनं एकच फटका मारलाय. पट्टी खरी असेल तर पक्षी नर, हे नक्की, मादीला ती नसते. पण पट्टी बघण्याआधी ती पट्टीच आहे का हे बघावं लागतं, आणि इथे फोटो खोटं बोलतो. दुपारच्या उन्हात मान वाकवून मध पिणाऱ्या मादीच्या गळ्याखाली चोचीची आणि डोक्याची सावली पडते, ती अगदी पट्टीसारखी दिसते. शिवाय पिसं वरून पिवळी असली तरी मुळाशी गडद राखाडी असतात, म्हणून वाऱ्यानं किंवा पावसानं छातीवरची पिसं फाकली की मधोमध काळसर फट दिसते. मला विचाराल तर एका फोटोवर पट्टी ठरवूच नये. बर्स्टमधले पुढचे-मागचे चार फोटो उघडा, पक्ष्याची मान हलली तरी रेघ तिथंच राहिली तर ती पिसांची, मानेबरोबर सरकली तर सावली. फाकलेल्या पिसांची फट कडेनं दातेरी आणि वाकडीतिकडी असते, एका फोटोत असते आणि पुढच्यात मिटते.

पट्टीनं लिंग कळतं, वय नाही. कारण पहिल्या वर्षाचा नरही पिल्लाचा पिसारा बदलताना सुरुवात गळ्याच्या पट्टीनंच करतो. मग मोठा नर आणि हा पोरगा वेगळे कसे करायचे? त्यासाठी पोट सोडून खांद्याकडे जायचं. मोठ्या नराचं अंग एक्लिप्समध्ये पिवळं होतं पण खांद्यावरची बारीक पिसं निळी-जांभळी धातूसारखी चमकदार राहतात, आणि पंख-शेपूट काळसर असतात. पिल्लाच्या पिसाऱ्यातल्या पोराचा खांदा तपकिरी, बिनचमकीचा, पंखही मातकट. ऑक्टोबरमधल्या पट्टीवाल्या पक्ष्याचं वय ठरवताना मी आधी खांदा बघते, पट्टी नंतर. बाकीचं सगळं त्याच्या पाठीमागून.

पण ही चमक फोटोत टिकेलच असं नाही, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर पुष्कळ डोकेदुखी वाचते. शिंजिराची निळाई रंगद्रव्याची नाही, पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तयार होते, म्हणून ती प्रकाश, पक्षी आणि कॅमेरा ह्यांच्या कोनावर अवलंबून असते. ऊन तुमच्या पाठीशी असेल तर खांदा निळा पेटतो, ऊन पक्ष्याच्या मागे असेल तर तोच खांदा साधा काळा किंवा तपकिरीच दिसतो. म्हणजे "चमक दिसली" हा पुरावा आहे, "चमक दिसली नाही" हा पुरावा नाही. ह्यात भर म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो असला तर खांद्याच्या चार बारीक पिसांचा एक चिखल झालेला असतो, आणि मोबाईलचं आपोआप चालणारं स्मूदिंग तर तो चिखल लिंपून गुळगुळीत करतं. ओरिजनल फाईल मागायची. द्यायला लाजतात लोक, पण मागायची.

एक प्रसंग सांगते. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरामागे हॅमेलियाचं झुडूप आहे, नारिंगी नळकांड्यांची फुलं, शिंजीर दिवसभर त्यावर. एका ऑक्टोबरमध्ये माझ्या आत्येनं तिथला एक फोटो पाठवला, खाली लिहिलं, "आमची मादी आली बघ." फोटोत पक्षी कडेनं बसलेला, पिवळं पोट, तपकिरी पाठ, गळ्याखाली जरा काळं. मी म्हटलं, "आत्या, बाकीचे पाठवा न, काढले असतील तुम्ही वीस तरी." तिनं तीन पाठवले. पहिल्यात गळ्यापासून पोटापर्यंत रेघ स्पष्ट, मान वर केलेली म्हणून सावलीचा संशय गेला. दुसऱ्यात पक्षी उलटा लटकलेला, रेघ तिथंच, कडा सरळ. इथवर नर ठरला. तिसऱ्यात पंख जरा उघडलेला आणि खांद्यावर निळ्या रंगाचा तुकडा, नखाएवढा नाही पण आहे, दुसऱ्या कोनातून जांभळा. पंखाची मोठी पिसं काळसर. मग माझी नोंद: नर, मोठा, एक्लिप्स. आत्या म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी ह्याला ताई म्हणतेय!"

त्याच झुडपावर त्याच आठवड्यात आणखी एक होता, त्याचे फोटो मीच काढले. पट्टी होती पण छोटी, गळ्यावरच, छातीवर पोचता पोचता ठिपक्यांत विरलेली. खांदा सहा फोटोंत बघितला, दोन तर ऊन पाठीशी घेऊन काढलेले, कुठेही चमक नाही, पंख मातकट तपकिरी. हा पहिल्या वर्षाचा नर म्हणायला हरकत नाही. पण सहाऐवजी एकच फोटो असता, तोही उन्हाच्या उलट दिशेनं, तर मी "नर, वय माहीत नाही" एवढंच लिहिलं असतं. तसंच हिवाळा सरत आला की ह्या पोराच्या खांद्यावरही चमक यायला लागते, तेव्हा खांद्यानं वय ठरवायची सोय संपते आणि अंगावर ठिगळं ठिगळं काळी झालेल्या पक्ष्याला फक्त नर म्हणून थांबायचं.

राहिली मादी. गंमत म्हणजे मादी सिद्ध करणं सगळ्यात अवघड, कारण तिच्याकडे स्वतःची अशी खूण नाही, फक्त नराच्या खुणा नाहीत, आणि ते नर पिल्लालाही लागू होतं. मेच्या आसपास चोचीच्या मुळाशी फुगीर, पिवळसर-नारिंगी कोपरा दिसला, चोच जरा आखूड वाटली, पिसं मऊ पिंजल्यासारखी असली तर ते पिल्लू, आणि मग लिंगाच्या चौकटीत काही लिहायचं नाही. पण हा फुगीर कोपरा काही आठवड्यांत जातो, त्यामुळे तो नाही म्हणजे मोठी मादी असंही होत नाही. मग मादी कधी म्हणायचं? जेव्हा फोटोत ती काही करत असते. घरटं बांधायचं काम मुख्यतः मादी करते आणि अंडी तीच एकटी उबवते, त्यामुळे चोचीत कोळ्याचं जाळं किंवा काडी-कापूस घेऊन लोंबत्या घरट्याशी आलेला पिवळा पक्षी, किंवा घरट्याच्या भोकातून नुसतं डोकं बाहेर काढून बसलेला, ह्यांना मादी म्हणायला कोणी अडवणार नाही. पिल्लांना भरवताना मात्र नरही येतो, तिथे घाई करू नका. जानेवारीत फुलावर बसलेल्या नुसत्या पिवळ्या पक्ष्याला "मादीसारखा" असा शब्द मी वापरते, ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर भरताना Sex unknown.

रंगाच्या छटेवर फार जाऊ नका. पोट लिंबासारखं पिवळं की पांढुरकं, ह्यावरून मादी-पिल्लू करणारे खूप भेटतात, पण जुन्या, उन्हानं विटलेल्या पिसांची मादी उन्हाळ्याच्या शेवटी जवळजवळ पांढरी दिसते आणि हिरव्या पानांमधून आलेल्या प्रकाशात तीच हिरवट पिवळी होते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला तर दोन फोटोंत एकाच पक्ष्याचे दोन रंग येतात. मी पाठीशी असलेल्या एखाद्या ओळखीच्या वस्तूशी, म्हणजे आपल्या पांढऱ्या कंपाउंडच्या भिंतीशी, तुलना करते. परागाचं पण लक्षात ठेवा, कपाळावर किंवा गळ्यावर पिवळाधमक ठिपका दिसला तर आधी फूल बघा, पराग असेल. नराच्या बगलेत खरोखरच पिवळा-नारिंगी झुबका असतो, पण तो पंखाखाली असतो आणि पंख उचलून मिरवताना दिसतो, तेव्हा झुबका नाही दिसला म्हणून नर नाही असं नको.

शेवटचं एक, जे पक्ष्याचं नाही, कॅमेऱ्याचं आहे. तारीख. सगळं वरचं गणित महिन्यावर चालतं, आणि बॅटरी काढून ठेवलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ कधीकधी मागं पडतं. माझ्याकडे एक पिवळा पट्टीवाला फोटो जूनचा म्हणून पडून होता, मी त्यावरून अर्धा दिवस डोकं खाजवलं, जूनमध्ये एक्लिप्स कसा, म्हणून. मग मागच्या फांदीवर सीताफळाचं तडकलेलं फळ दिसलं, आणि तसं फळ आमच्याकडे जूनमध्ये नाही, दसरा-दिवाळीच्या सुमारास असतं.