बारकोडचा क्रमांक कोणाचा? सावजी मसाल्याच्या पाकिटापासून इतवारीतल्या सुट्या डाळीपर्यंत

नागपुरात घरगुती सावजी मसाला, संत्रा बर्फी किंवा मुगवड्या करून विकणाऱ्याचा माल पहिल्यांदा मोठ्या दुकानात जातो, तेव्हा तिथला खरेदी पाहणारा माणूस विचारतो, "बारकोड आहे का?" मग शोधाशोध होते आणि इंटरनेटवर "शंभर बारकोड, एकदाच पैसे, नूतनीकरण नाही" अशी जाहिरात सापडते. विकत घेतलेले क्रमांक छापून येतात, स्कॅनरवर बीपही होतो. काही महिन्यांनी ऑनलाइन बाजारात तोच माल चढवायला घेतला की क्रमांक नाकारला जातो, कारण तो भलत्याच कंपनीच्या नावावर असतो. तोवर पाच हजार पाकिटं छापून झालेली असतात. हे का होतं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांची. मोर्स कोडच्या टिंब-रेषा खाली ओढून लांब केल्या की पट्ट्या होतात, इतकी ती साधी होती. 1952 साली त्यांना पेटंट मिळालं, पण पट्ट्या वाचणारं स्वस्त यंत्र तेव्हा नव्हतं. पुढे किराणा साखळ्यांनी एकत्र येऊन 1973 मध्ये एक नमुना ठरवला. त्याची आखणी आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांची. 26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं आणि व्यवहार सुरू झाला.

त्या वेळी झालेला खरा निर्णय पट्ट्यांचा नव्हताच, क्रमांकांचा होता. एका मध्यवर्ती संस्थेने प्रत्येक उत्पादकाला क्रमांकाची एक ठरावीक सुरुवात द्यायची आणि पुढचे आकडे उत्पादकाने आपल्या मालाला वाटायचे, असं ठरलं. म्हणजे पिनकोडसारखंच. गाव वरून ठरतं, घराचा नंबर गाव ठरवतं. पट्ट्या म्हणजे फक्त तो क्रमांक यंत्राला वाचता यावा म्हणून काढलेलं चित्र. चित्र कोणीही फुकटात काढू शकतं. पैसे लागतात ते त्या सुरुवातीचे, कारण ती जगात दुसऱ्या कोणाला दिलेली नसते.

1977 मध्ये युरोपने हीच पद्धत तेरा आकड्यांची केली. त्यात पुढे देशाच्या संस्थेचे आकडे आले आणि अमेरिकेचे जुने बारा आकडे पुढे शून्य लावून आत सामावले. भारतात 1996 मध्ये वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटनांनी मिळून संस्था उभी केली. आज तिचं नाव जीएस1 इंडिया, म्हणजे जगभरचे हे क्रमांक सांभाळणाऱ्या जीएस1 या संस्थेची इथली शाखा, आणि तिच्या वाट्याला 890 आलं. म्हणून "890 म्हणजे भारतात बनलेलं" असा समज पसरला, पण तो चुकीचा आहे. 890 चा अर्थ इतकाच की सुरुवात जीएस1 इंडियाकडून घेतली आहे. माल कुठेही बनलेला असू शकतो.

जाहिरातीतले स्वस्त क्रमांक आले कुठून, हेही याच इतिहासात आहे. अमेरिकेत जुन्या काळी सुरुवात एकदाच पैसे भरून मिळायची, वार्षिक शुल्क नव्हतं. 2002 च्या सुमारास नियम बदलला, वाद कोर्टात गेला आणि आधीच्या सभासदांना शुल्कातून सूट मिळाली. त्यातल्या काहींनी आपल्या वापरात नसलेल्या क्रमांकांचे तुकडे विकायला काढले. स्कॅनरला याचा पत्ता लागत नाही, कारण तो फक्त आकडे वाचतो. पण मोठे ऑनलाइन बाजार आता क्रमांक जीएस1 च्या नोंदीशी पडताळतात आणि तिथे मूळ अमेरिकन कंपनीचं नाव निघतं. विकणाऱ्याने दिलेलं "प्रमाणपत्र" ही नोंद बदलू शकत नाही. विकत घेतलेला क्रमांक हातात असेल, तर छपाईच्या आधी "Verified by GS1" या शोधपानावर तो टाकून नाव पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता सरळ मार्ग पाहू. समजा, सावजी मसाल्याची 100 ग्रॅम आणि 200 ग्रॅमची पाकिटं आहेत आणि 100 ग्रॅमच्या 24 पाकिटांचा खोका ठोक विक्रीला जातो. जीएस1 इंडियाकडे नोंदणी करताना पॅन, जीएसटी, व्यवसायाचा पुरावा लागतो. शुल्क उलाढाल आणि लागणाऱ्या क्रमांकांच्या संख्येवर ठरतं. तेरा आकड्यांतला शेवटचा, आकडे बरोबर वाचले का हे यंत्राला ताडता यावं म्हणून असलेला तपासणीचा अंक सोडला तर बारा आकडे उरतात. त्यातली सुरुवात दहा आकड्यांची असेल तर मालासाठी दोन उरतात, म्हणजे शंभर क्रमांक. नऊ आकड्यांची असेल तर हजार. घरगुती मसालेवाल्याला शंभर पुष्कळ झाले.

उदाहरणासाठी जीएस1 ने राखून ठेवलेली 952 ही सुरुवात घेऊ. पहिल्या मालाचे बारा आकडे 952123400001. डावीकडून एक सोडून एक आकड्यांची बेरीज करा, उरलेल्यांची बेरीज तिप्पट करा, दोन्ही मिळवा आणि दहाच्या पाढ्यातला पुढचा आकडा गाठायला जे लागेल तो शेवटचा अंक.

```
9+2+2+4+0+0 = 17
(5+1+3+0+0+1) x 3 = 30
17+30 = 47, 50-47 = 3
100 ग्रॅम पाकीट: 9521234000013
24 चा खोका:      19521234000010
```

खोक्याच्या क्रमांकात गफलत होते ती इथेच. पाकिटाच्या क्रमांकापुढे 1 लावला की चौदा आकडे होतात, पण शेवटचा 3 तसाच ठेवून चालत नाही. पुढचा 1 तिपटीने मोजला जातो, बेरीज 50 होते आणि शेवटचा अंक 0 येतो. 3 तसाच राहिला तर गोदामातला स्कॅनर वाचतच नाही आणि माणसाला वाटतं प्रिंट खराब आहे. खोक्यावर पाकिटाचाच क्रमांक छापणं तर त्याहून वाईट. बिलात 24 ऐवजी 1 नग चढतो.

200 ग्रॅमला वेगळा क्रमांक लागतो. पुढे 100 चं पाकीट 90 ग्रॅमचं केलं किंवा नाव बदललं तरी नवा क्रमांक घ्यावा लागतो. फक्त किंमत वाढली तर नाही. जुन्या आणि नव्या एमआरपीची पाकिटं एकाच क्रमांकाखाली शेल्फवर येतात, त्यांचा मेळ दुकानाच्या सॉफ्टवेअरने घालायचा असतो. पूर्वी बंद झालेल्या मालाचा क्रमांक काही वर्षांनी दुसऱ्याला देता यायचा. 2018 संपल्यापासून तेही बंद आहे.

मसालेवाल्यांनी छपाईआधी एक गोष्ट नक्की पाहावी. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, म्हणून लाल पट्ट्या त्याला पांढऱ्यासारख्या दिसतात. तिखटाच्या पाकिटावर शोभून दिसाव्यात म्हणून लाल पट्ट्या काढल्या, तर माणसाला स्वच्छ दिसतात आणि यंत्राला काहीच दिसत नाही. उलट लाल, नारिंगी, पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या पट्ट्या उत्तम वाचल्या जातात. पूर्ण आकाराचा बारकोड दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह सुमारे 37 मिलिमीटर रुंद असतो आणि 80 टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. डिझाइन करणारा सगळ्यात आधी ती मोकळी जागाच खातो. आणि पारदर्शक पिशवीवर पट्ट्यांमागे पांढरा थर हवाच, नाहीतर आतला मसालाच पार्श्वभूमी होतो.

बिनब्रँडच्या मालाचं काय, याचं उत्तर माल कुठे विकला जातो त्यावर आहे. नियम असा की क्रमांक ब्रँडच्या मालकाने द्यायचा, आणि ब्रँडच नसेल तर बनवणाऱ्याने. मेणबत्त्या, काचेचे पेले असा नाव नसलेला माल दोन कारखान्यांत अगदी सारखा बनला तरी दोघांचे क्रमांक वेगळे, आणि त्यात काही चूक नाही. पाकिटावर कायद्याने पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो, पण तेवढ्याने तो ब्रँड होत नाही.

इतवारीतून पोती आणून डाळ मोजून विकणाऱ्या दुकानाला मात्र यातलं काहीच लागत नाही. त्याच्यासाठी 2 ची मालिका आहे. अमेरिकेच्या मूळ पद्धतीतच 2 हा पहिला अंक दुकानात तोलून विकल्या जाणाऱ्या मालासाठी, मुख्यतः मांसासाठी, राखून ठेवला होता. तेरा आकड्यांच्या पद्धतीत 20 ते 29 अशाच वापरासाठी ठेवले गेले. हे क्रमांक कोणाकडूनही घ्यावे लागत नाहीत, दुकानदार स्वतः वाटतो. लेबल काढणाऱ्या काट्यात तूरडाळीला 45 नंबर दिला आणि सव्वा किलो तोलली, तर काटा असं लेबल काढू शकतो:

```
21 00045 01250 6
```

21 म्हणजे दुकानातला तोललेला माल, मग डाळीचा नंबर, मग 1250 ग्रॅम, शेवटी तपासणीचा अंक. रचना काट्यात आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तंतोतंत तीच लागते. काटा वजन लिहीत असेल आणि सॉफ्टवेअर तीच जागा किंमत म्हणून वाचत असेल, तर सव्वा किलो डाळ 1,250 रुपयांना किंवा साडेबारा रुपयांना बिलात येते. काटा बसवल्या दिवशी एक किलोचं एक लेबल काढून रक्कम पाहिली की हे लगेच कळतं. आणि ही मालिका दुकानाच्या उंबरठ्याच्या आतच चालते. दुसऱ्या दुकानात 45 नंबर पोह्यांचा असेल. म्हणून तीच पाकिटं पुढे सीताबर्डीतल्या सुपरमार्केटला द्यायची ठरली, तर त्यांना खरा क्रमांक लागतो.

तिसरी वाट ऑनलाइन विक्रीची. ब्रँड नसेल तर बनावट क्रमांक शोधण्यापेक्षा क्रमांकातून सूट मागावी. मालाच्या या क्रमांकालाच GTIN म्हणतात, म्हणून अमेझॉनवर ही सोय "GTIN exemption" नावाने आहे. ब्रँडच्या जागी नेमकं `Generic` लिहायचं आणि मालाचा प्रकार निवडायचा. मालाचे आणि वेष्टनाचे सर्व बाजूंचे फोटो मागितले जातात. फोटोत वेष्टनावर एखादं नाव किंवा बारकोड दिसला की अर्ज फेटाळला जातो, कारण मग तो माल बिनब्रँडचा राहत नाही. सूट एकेका प्रकारापुरती असते. किराण्याची मिळाली म्हणून हस्तकलेला चालत नाही. अमेझॉनच्या गोदामात माल ठेवला तर त्यांचं X00 ने सुरू होणारं लेबल लागतं, पण तो त्यांचा घरचा क्रमांक आहे. तो बाहेरच्या दुकानात चालत नाही.