बाळाचे दिवस-रात्र उलटलेत? मालिशची वेळ बदलण्याआधी हे वाचा

आम्ही नाशिकमध्ये बाळाच्या मालिश-अंघोळीसाठी घरोघरी मावशी पाठवतो. बाळ पंधरा-वीस दिवसांचं झालं की आम्हाला ठरलेला फोन येतो. "ताई, बाळ दिवसभर छान झोपतं आणि रात्री बारा ते चार टक्क जागं. मावशींना सकाळऐवजी संध्याकाळी पाठवा ना. मालिश-अंघोळ झाली की रात्री तरी झोपेल."

सिडको असो, पंचवटी असो की नाशिकरोड, मागणी हीच असते. पूर्वी आम्ही लगेच वेळ बदलून द्यायचो. आठवड्याभरात त्याच घरून पुन्हा फोन यायचा, कारण संध्याकाळी सहाला न्हालेलं बाळ सात ते अकरा गाढ झोपायचं आणि पुढे पहाटेपर्यंत जागायचं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत नाशिकची संध्याकाळ तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याजोगी नसते. एका मावशींकडे सकाळची चार घरं असतात. एक घर हललं की बाकीच्या तीन बाळंतिणीही खोळंबतात. म्हणून आता आम्ही वेळ लगेच बदलत नाही, आधी हे पत्रक देतो.

खरी अडचण मालिशच्या वेळेत नसते. ती असते अंघोळीनंतरच्या झोपेत.

बहुतेक घरांत काय होतं ते आम्ही रोज बघतो. साडेनऊला अंघोळ होते, बाळाला दुपट्यात गुंडाळतात, थोडं पाजतात. मग पडदे ओढायचे, दार लोटायचं, घरात सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. बाळ चार-साडेचार तास झोपतं. आजी सांगतात, "झोपलेल्या बाळाला उठवू नये, झोपेत वाढतं ते." भावना खरी आहे आणि बाळाला झोप हवी हेही खरंच. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण चौदा ते सतरा तास झोपतं. पण त्याला दूध लागतं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात ते दोनदाच प्यायलं, तर उरलेल्या वेळा जाणार कुठे? त्या रात्रीत जातात. रात्री बाळ खोडकरपणा करत नसतं. दिवसभराचं राहिलेलं दूध ते तेव्हा वसूल करत असतं.

त्यातून बाळाला अजून दिवस-रात्र ठाऊक नसते. पोटात असताना आईच्या रक्तातून येणारं मेलाटोनिन हेच त्याचं घड्याळ होतं. अंधार पडला की शरीर जे झोपेचं रसायन तयार करतं ते हे. नाळ कापल्यावर तो पुरवठा थांबतो आणि बाळाचं स्वतःचं घड्याळ नीट चालू व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर त्याला दोनच खुणा असतात, उजेड आणि दूध. दिवसा आपण खोली अंधारी केली आणि रात्री ट्यूबलाइट लावून सगळे भोवती जमलो, तर दोन्ही खुणा उलट्या झाल्या.

म्हणून अंघोळीनंतर बाळ पोटभर पिऊन होईपर्यंत आमच्या मावशी निघत नाहीत आणि जाताना पडदे उघडून जातात. यावरून काही घरी नाराजी होते. "मावशींचं काम मालिशचं, पडद्याशी त्यांचा काय संबंध?" संबंध आहे. आम्ही केलेल्या मालिशने आलेली झोप चुकीच्या वेळी लांबली, तर त्या मालिशचा घराला त्रासच होतो.

दिवसा एका दुधाच्या सुरुवातीपासून पुढच्या दुधाच्या सुरुवातीपर्यंत अडीच तास, फार तर तीन, एवढंच अंतर ठेवा. सव्वादहाला पाजायला घेतलं, तर पाऊण वाजता उठवायची तयारी. गाढ झोपलेल्या बाळाला हलवून उपयोग नसतो. हात उचलून सोडला तर तो लुळा पडतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पापण्यांखाली डोळे हलायला लागतात, ओठ चोखल्यासारखे होतात, अंग आळोखेपिळोखे देतं. तीच वेळ साधायची. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळव्यांवरून बोट फिरवा, उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरा. तोंडावर पाणी शिंपडू नका. पिता पिता पेंगलं, तर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि दुसऱ्या बाजूला लावा.

दिवसाची झोप हॉलमध्येच होऊ द्या. कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं चालू द्यावं. खिडकीचा उजेड खोलीत भरपूर हवा, मात्र ऊन थेट तोंडावर नको. रात्री नऊनंतर याच्या नेमकं उलट करायचं. झिरोचा बल्ब, तोही पिवळा आणि बाळाच्या डोळ्यांसमोर न येणारा. पाजताना बोलायचं नाही, मोबाइलचा उजेड नको, लंगोट शी झाली किंवा फार भिजला तरच बदलायचा. आणि बाळ कण्हलं, वळवळलं की लगेच उचलू नका. तान्ही बाळं झोपेतही आवाज करतात. मिनिटभर बघा, बऱ्याचदा ते पुन्हा शांत होतं आणि आपणच त्याला जागं करणार होतो हे लक्षात येतं.

आईने दूध काढून ठेवलं असेल, तर बाटलीवर वेळ लिहा. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. रात्री काढलेलं दूध शक्यतो रात्रीच द्यावं.

सिडकोतल्या एका घराचं उदाहरण सांगते. बाळ एकोणीस दिवसांचं, जन्माचं वजन भरून निघालेलं, डॉक्टर समाधानी. वडील अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. आम्ही आईला एक दिवस फक्त दुधाच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. पावणेदहा, दोन, पावणेसहा, साडेआठ, मग रात्री बारा, सव्वा, दोन, तीन, सव्वाचार आणि सकाळी सात. एकूण दहा वेळा, म्हणजे बाळ भरपूर पीत होतं. पण त्यातल्या पाच वेळा रात्री बारा ते सव्वाचारमध्ये होत्या. पाळी संपवून वडील पावणेबाराला घरी यायचे, ट्यूबलाइट लागायची, जेवणाची ताटं वाढली जायची, बाळाला मांडीवर घेतलं जायचं. दुपारपासून लेकरू दिसलेलं नसतं, त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

मालिशची वेळ आम्ही हलवली नाही. अंघोळीनंतरचं दूध हॉलमध्ये, पडदे उघडे. पुढचं दूध सव्वाबारा, मग पावणेतीन, मग पाच. संध्याकाळी बाळ आपणहून लवकर लवकर मागायचं, तेव्हा साडेसहा, पावणेआठ आणि सव्वानऊ असं मागेल तसं पाजलं. या वयात संध्याकाळी वारंवार पिणं नेहमीचं आहे, ते दूध कमी पडल्याचं लक्षण धरू नये. वडील रात्री आले की स्वयंपाकघरातलाच दिवा लागायचा, आणि त्यांची बाळाशी खेळायची वेळ ठरली सकाळी आठची, मालिशच्या आधी. सकाळी ते घरीच असत आणि बाळही तेव्हा टवटवीत असे.

पहिले दोन दिवस अवघड गेले. सव्वाबाराला उठवायलाच वीस मिनिटं लागली, बाळ एका बाजूलाच प्यायलं, रात्र होती तशीच गेली. आजींनी फोन केला, "उगाच लेकराची झोपमोड." चौथ्या रात्री जागरण बारा ते दोनवर आलं. नवव्या रात्री बाळ साडेबाराला आणि साडेतीनला उठलं, प्यायलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात झोपलं. पुढे बारशाला पाहुण्यांनी घर भरलं, बाळ या हातातून त्या हातात गेलं आणि दोन रात्री पुन्हा विस्कटल्या. मग परत त्याच वेळा धरल्या आणि घडी बसली. एकूण दुधं तेव्हाही दहाच होती. फक्त त्यातली आठ उजाडल्यापासून रात्री सव्वानऊपर्यंत आणि दोन त्यानंतर.

रात्रीचं उठणं बंद करून देऊ, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. या वयाच्या बाळाने रात्री दोन-तीनदा उठून प्यायलाच हवं. पिऊन पुन्हा झोपलं, की काम झालं.

काही गोष्टींना आमच्या मावशी नाही म्हणतात, त्याचा राग मानू नका. झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवणार नाहीत. जायफळाची गुंगी ही झोप नाही. त्याची मात्रा चुकली तर बाळाला विषबाधा होऊ शकते, आणि सहाण-पाण्यातून जंतू पोटात जातात ते वेगळंच. पहिले सहा महिने दुधाखेरीज काही नको, त्यामुळे गुटीही नाही. वेखंड-ओव्याची धुरी बाळाच्या खोलीत करणार नाहीत, त्या धुराने नाक चोंदतं आणि रात्रीची झोप आणखी मोडते. बाळाला झोपवतील ते उताणं, घट्ट गादीवर. मोहरीची उशीसुद्धा काढून ठेवतील.

हे सगळं निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आहे. लवकर जन्मलेल्या किंवा वजन न भरलेल्या बाळाच्या दुधाच्या वेळा डॉक्टरांनीच ठरवायच्या, आणि तिथे रात्रीही उठवून पाजावं लागतं. बाळ उठवूनही पीत नसेल, अंग सैल वाटत असेल, पाच दिवसांनंतरही चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइट वा त्यावर गेला असेल, तर आम्हाला नव्हे, आधी डॉक्टरांना फोन करा. जास्त झोपणारं बाळ प्रत्येक वेळी शहाणंच असतं असं नाही.

सुरुवातीच्या चार-पाच रात्री आईला झेपणार नाहीत असं वाटलं, तर रात्री दहा ते सकाळी सहा आमच्या ताई येतात. बाळाला आईकडे पाजायला देणं, ढेकर काढणं, परत झोपवणं त्या बघतात, म्हणजे आईला मधले दोन-अडीच तास सलग मिळतात. दमलेल्या आईला सोफ्यावर बाळ कुशीत घेऊन डुलकी लागणं फार धोक्याचं असतं, आणि त्यासाठीच ही सेवा मुख्यतः आहे. ती महिन्याची घ्यावी लागत नाही, पाच रात्रींचीही मिळते. घरात बहीण किंवा आजी असतील, तर तुम्हाला तिची गरज पडणार नाही.

वेळ बदलून हवीच असेल, तर आधी तीन दिवसांच्या दुधाच्या वेळा एका कागदावर लिहून मावशींजवळ द्या. बाळ कधी झोपलं हे लिहिलं नाही तरी चालेल, पाजायला कधी घेतलं तेवढं पुरे. तो कागद बघून मी स्वतः फोन करते.