पहाटेचं स्वप्न खरं का वाटतं?

'स्वप्नात पांढरी गाय दिसली तर समजा दिवस पालटले' अशा थाटाचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सतत फिरत असतात. हत्ती दिसला तर मानमरातब, देवाची मूर्ती दिसली तर अडलेलं काम मार्गी, गाढव किंवा रेडा दिसला तर संकट. आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: 'पहाटे पाहिलं असेल तर फळ नक्की.' गाय-हत्तीच्या याद्यांपेक्षा मला हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. त्याच्यामागे माणसांनी शतकानुशतकं केलेलं एक अचूक निरीक्षण आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकला.

आधी परंपरा काय सांगते ते नीट पाहू. अग्निपुराणातल्या स्वप्नाध्यायात फळाचं वेळापत्रकच दिलं आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षभरात फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांत, तिसऱ्यातलं तीन महिन्यांत, चौथ्यातलं पंधरा दिवसांत आणि अरुणोदयाच्या वेळचं दहा दिवसांत. ब्रह्मवैवर्त पुराणात थोड्या फरकाने हेच आहे, आणि तिथे एक बारीक अट जोडली आहे: सकाळचं स्वप्न फळतं, पण त्याच क्षणी जाग आली तर. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात म्हटलं आहे की रात्रीच्या सुरुवातीला पडलेलं स्वप्न अल्पफळ देतं, आणि जे पाहून माणूस पुन्हा झोपत नाही ते लगेच मोठं फळ देतं. आपल्या घरांमधून आजी हेच सांगते: "चांगलं स्वप्न पडलंय ना, मग आता परत झोपू नकोस. आणि वाईट पडलं तर कूस बदल, देवाचं नाव घे आणि झोप."

रात्रीची वेळ, जाग येणं आणि पुन्हा न झोपणं या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठराविक काळाने बंद पापण्यांखाली डोळे झपाट्याने हलू लागतात. या अवस्थेला आरईएम झोप म्हणतात. तेव्हा मेंदू जवळपास जागेपणीइतका सक्रिय असतो, पण हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात. पुढे 1957 मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या लोकांना मुद्दाम उठवून विचारलं. आरईएममधून 191 वेळा उठवलं, तेव्हा 152 वेळा स्वप्न सांगता आलं. इतर झोपेतून 160 वेळा उठवलं, तर फक्त 11 वेळा. इतर झोपेतही मनात बरंच काही चालू असतं, हे नंतरच्या अभ्यासांत स्पष्ट झालं. पण ठळक, चित्रमय, कथा असलेली स्वप्नं प्रामुख्याने आरईएममधलीच.

आता एका माणसाची रात्र घेऊ. तो दहाला झोपला आणि सहाला उठणार आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं असतं आणि त्याच्या शेवटी आरईएम येते. म्हणजे पहिली आरईएम साधारण साडेअकराच्या सुमारास, तीही पाच-दहा मिनिटांचीच, कारण सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. दुसरी एकच्या आसपास, थोडी लांब. जसजशी रात्र सरते तसतशी गाढ झोप आटत जाते आणि आरईएम वाढत जाते. चारच्या आणि साडेपाचच्या सुमाराला ती अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही जास्त टिकते. शिवाय शरीराच्या घड्याळाचाही यात हात आहे. आपलं तापमान पहाटे सर्वांत खाली जातं, आणि त्याच सुमारास आरईएम झोपेकडे ओढ सर्वांत जास्त असते. त्यामुळे उशिरा झोपणाऱ्यालाही पहाटे तिचा भरपूर वाटा मिळतो. एकूण काय, चौथ्या प्रहरात स्वप्नांची गर्दी असते.

पण नुसती गर्दी पुरत नाही. स्वप्न आठवायला हवं, आणि मला या विषयात सगळ्यात आवडणारा भाग इथे आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. जागेपणी तो मेंदूभर नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन पुरवतो, आणि अनुभव आठवणीत पक्का व्हायला या रसायनाची मोठी मदत होते. आरईएममध्ये हा पुंजका जवळजवळ गप्प होतो. म्हणजे समोर रंगीत, भावनांनी भरलेला प्रसंग घडतो आहे, पण तो लिहून ठेवणारा कारकून रजेवर आहे. इतकंच नाही, 2019 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की आरईएममध्ये जागे होणारे काही चेतापेशी आठवणी पुसायला हातभार लावतात. माणसातही नेमकं तसंच होतं असं यावरून सिद्ध होत नाही, पण स्वप्न विसरणं हा निव्वळ निष्काळजीपणा नसावा, एवढा संशय घ्यायला जागा आहे.

जाग आली की चित्र पालटतं. लोकस सेरुलियस पुन्हा काम करू लागतो, आणि त्या क्षणी मनात जे तरंगत असेल ते टिकण्याची शक्यता निर्माण होते. आरईएम संपल्यावर काही मिनिटं थांबून उठवलं, तर माणसाला तुकडेच आठवतात. आणखी थांबलं तर तेही नाही. म्हणून रात्री एकचं स्वप्न आपल्याला कळतसुद्धा नाही. त्यानंतर पुन्हा गाढ झोप येते आणि ते वाहून जातं. पहाटेच्या स्वप्नानंतर मात्र कोंबडा आरवतो, लघवीला जावंसं वाटतं, स्वयंपाकघरात भांडी वाजतात, गजर होतो. जाग थेट स्वप्नातून येते.

आता ब्रह्मवैवर्तातली अट पुन्हा वाचा: 'त्याच क्षणी जाग आली तर'. आणि आजीचा नियम: चांगलं स्वप्न पडलं तर परत झोपू नकोस. झोपलात तर ते पुसलं जाईल, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. वाईट स्वप्नानंतर झोपायला सांगण्याचंही तेच कारण. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना आरईएम झोप माहीत होती असा मुळीच नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं. मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्याशिवाय ही अवस्था कळणं शक्य नव्हतं. त्यांनी पाहिलं ते इतकंच की पहाटेची स्वप्नं ठसठशीत असतात आणि दिवसभर सोबत राहतात. जे लक्षात राहिलं त्याचाच पुढे घडलेल्या गोष्टींशी मेळ घालता येतो. विसरलेल्या स्वप्नाचं फळ कोण शोधणार?

मेळ किती सहज बसतो हे आकड्यांत पाहता येतं. समजा पहाटे गाय दिसली आणि दहा दिवसांत शुभ फळ मिळायचं आहे. तुमच्या आयुष्यात साधारण दहा दिवसांतून एकदा काहीतरी आनंदाचं घडतं असं धरू: अडकलेले पैसे येणं, मुलाचा निकाल, लग्नाचं आमंत्रण. एखादा दिवस तसा नसण्याची शक्यता 0.9. सलग दहा दिवस तसं काहीच न घडण्याची शक्यता 0.9 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 0.35. उरलेले 65 टक्के गाईच्या नावावर जमा होतात. पंधरा दिवसांची मुदत दिली तर हा आकडा 79 टक्क्यांवर जातो. पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाला तर वर्षभराची मुदत आहे, ते चुकेल कसं?

शिवाय चिन्हांचे नियमही पुरेसे लवचिक आहेत. पांढरं सगळं शुभ, पण कापूस, राख, हाडं आणि ताक सोडून. काळं सगळं अशुभ, पण गाय, हत्ती, देव, ब्राह्मण आणि घोडा सोडून. असा एक प्रसिद्ध श्लोक आहे. म्हणजे काळी गायही शुभच. पण ऐतरेय आरण्यकात काळं वासरू असलेली काळी गाय दक्षिणेकडे हाकत नेणं हे मृत्यूच्या लक्षणांत मोजलं आहे. वाल्मीकी रामायणात भरताला रात्र उजाडता उजाडता स्वप्न पडतं: दशरथ डोंगराच्या कड्यावरून शेणाच्या डबक्यात पडतात, ओंजळीने तेल पितात आणि तांबड्या माळा घालून गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे जातात. गाढव, तेल, तांबडा रंग, दक्षिण दिशा ही अशुभ चिन्हांची पेटी त्रिजटेच्या स्वप्नातही जशीच्या तशी आहे. चिन्हं माणसं आपल्या गोष्टींतून शिकतात आणि मग स्वप्नात तीच पाहतात. ज्या घरात गोठा नाही आणि गाईची पूजाही नाही, तिथे गाय स्वप्नात क्वचितच येईल.

चरकाला हे ठाऊक होतं, आणि याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो. तो स्वप्नांचे सात प्रकार सांगतो: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भावी सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ, असं तो स्वच्छ म्हणतो. संत बहिणाबाईंची आत्मचरित्रपर अभंगरचना या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले आणि त्यांना तुकोबांचा ध्यास लागला. घरात कपिला गाय होती, तिच्या वासराचा त्यांना फार लळा होता आणि ते वासरू गेलं. त्या शोकात त्या निश्चेष्ट पडून राहिल्या आणि पुढे स्वप्नात तुकोबांनी येऊन त्यांना मंत्र दिला. ऐकलेलं, अनुभवलेलं आणि इच्छिलेलं असं तिन्ही इथे एकत्र आलं आहे. चरकाच्या कसोटीवर हे स्वप्न शकुन ठरत नाही. बहिणाबाईंच्या जगण्याला त्याने जी दिशा दिली ती मात्र खरी, आणि त्यासाठी भविष्यकथनाची गरजच नव्हती.

उरतं दोषज स्वप्न, आणि इथे आजचं वैद्यक लक्ष देतं. तापात किंवा बीटा ब्लॉकर प्रकारच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यावर काहींना भयंकर स्वप्नं पडतात. अनेक वर्षांची दारू अचानक सोडली की दबलेली आरईएम उसळून येते आणि रात्रभर भीती दाखवते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. काळ्या रेड्याची शांती करायला हजारो रुपये मागणाऱ्याकडे तर जायचंच नाही. आणि एक लक्षण खरोखर पुढचं सांगतं. आरईएममध्ये स्नायू ढिले पडायला हवेत, काहींचे पडत नाहीत. जनावर अंगावर येतंय, कुणी मारायला धावतंय असं स्वप्न पडलं की हा माणूस खरंच ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्याला ठोसे मारतो, आणि हे सहसा पहाटेच होतं. पन्नाशीनंतर हे वारंवार सुरू झालं, तर अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा त्या जातीचा आजार होतो. बहुतेकदा ही तक्रार घेऊन बायकोच येते, कारण नवऱ्याला स्वप्नच आठवत असतं, लाथा नाही. तिने मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि तोवर पलंगाजवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात.