एकाला तीन: विसणाचं गणित आणि कोपराची परीक्षा

लेक बाळंतपणाला आली तेव्हा डिसेंबर अर्धा सरला होता. नाशिकची थंडी पडली होती, सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. बाळाला मालीश करून न्हाऊ घालायला पंचवटीतून एक मावशी यायच्या. पाट मांडायचा, पाय पसरून बसायचं, पायांवर बाळाला पालथं घ्यायचं. पाण्याचं त्यांचं माप ठरलेलं होतं: उकळलेलं पाणी एक तांब्या, त्याला विसण तीन तांबे. "ताई, इतकी बाळं न्हाऊ घातली, माप कधी बदललं नाही," त्या सांगायच्या. आणि खरंच, अंघोळ झाली की बाळ दोन-दोन तास गाढ झोपायचं.

मार्चच्या शेवटी उन्हं तापली. अंघोळीची वेळ सरकत सरकत अकरावर गेली होती. एके दिवशी त्याच मापाच्या पाण्याचा पहिला तांब्या पाठीवर पडला आणि बाळ किंचाळलं. पाठ लाल झाली. मावशी लगेच थांबल्या. मी पदार्थविज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे घरात प्रयोगशाळेतला एक जुना तापमापक होता. तो बादलीत बुडवला तर पारा ४३ अंशांवर. बाळाची पाठ अर्ध्या तासात पूर्ववत झाली, पण माप तेच असताना पाणी एवढं कसं तापलं, हा प्रश्न मला सुटेपर्यंत चैन पडेना.

उत्तर विसणात होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळतं. जानेवारीत सकाळी टाकीचं पाणी १८ अंशांचं धरा. एक तांब्या ९८ चा आणि तीन तांबे १८ चे. तीन अठरे चोपन्न, त्यात ९८ मिळवले की १५२, भागिले चार तांबे, म्हणजे बरोबर ३८ अंश. बाळासाठी याहून चांगलं पाणी नाही. मावशींचं माप अनुभवातून आलेलं होतं आणि थंडीपुरतं अचूक होतं. आता मार्चअखेरीची सकाळ घ्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अकरा वाजता २८ अंशांचं होतं. तीन अठ्ठावीस चौऱ्याऐंशी, अधिक ९८, भागिले चार: साडेपंचेचाळीस. पातेलं न्हाणीघरात नेईपर्यंत आणि बादलीच्या अंगात दोन-तीन अंश जिरतात, म्हणून पारा ४३ वर थांबला. २८ अंशांच्या विसणाला ३८ चं पाणी हवं असेल तर एकाला सहा तांबे लागतात. उकळतं पाणी बारा महिने ९८ चंच असतं, बदलतं ते विसण. आपण मात्र सगळं लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडे देतो.

बाळासाठी ३७ ते ३८ अंश का? कारण तेच त्याच्या शरीराचं आतलं तापमान आहे. त्या पाण्यात शरीर फारशी उष्णता गमावत नाही आणि फारशी कमावतही नाही. तान्ह्या बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा मोठा, म्हणून ते झटकन गारठतं आणि झटकन तापतंही. शिवाय त्याची त्वचा आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. मोरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिलं की ४९ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा खोलवर भाजायला नऊ-दहा मिनिटं लागतात, पण ६० अंशांना फक्त पाच सेकंद. अंश वाढले अकरा आणि वेळ शंभरपटीहून जास्त घटली. लहान मुलांच्या बाबतीत ही वेळ आणखी कमी. "थोडंसं जास्त कढत" हे वरच्या टोकाला थोडंसं राहतच नाही, ते त्यामुळे.

तापमापक बहुतेक घरांत नसतो, आणि असतो तो तापाचा. तो या कामाचा नाही. मग पाणी पाहायचं कशाने? हाताने, असंच सगळे म्हणतात. पण पंजा हा फार कच्चा साक्षीदार आहे. तळहाताची कातडी जाड, वर रोजच्या भांड्यांनी आणि तव्याने निबर झालेली. त्याहून मोठी अडचण अशी की त्वचेला पाण्याचं तापमान थेट कळतच नाही, तिला स्वतःच्या तुलनेतला फरक कळतो. तीन भांडी घ्या: एकात गार पाणी, एकात सोसवेल इतकं ऊन, मधल्यात कोमट. एक हात गार पाण्यात आणि दुसरा ऊन पाण्यात मिनिटभर ठेवा, मग दोन्ही एकदम मधल्यात बुडवा. तेच पाणी एका हाताला ऊन लागेल, दुसऱ्याला गार. न्हाऊ घालणाऱ्या बाईचे हात आणि पाय तासभर ऊन पाण्यात असतात. तिला ४३ चं पाणी "बेताचं" वाटलं, यात तिचा काही दोष नाही. मावशींनी त्या दिवशी हात घालून पाहिला होता, मीच पाहिलं होतं.

म्हणून कोपर. कोपराच्या आतल्या बाजूची कातडी पातळ असते आणि दिवसभर ती ना गरम भांड्याला लागते, ना गार पाण्याला. पाणी आधी तळापासून हाताने ढवळून घ्यायचं, कारण न ढवळलेल्या बादलीत वर ऊन आणि खाली गार असे थर राहतात. मग कोपर पूर्ण बुडवून मनात दहा आकडे मोजायचे. नुसतं टेकवून काढलं तर काही कळत नाही. दहा मोजेपर्यंत कोपर सुखाने पाण्यात राहिलं पाहिजे, चटका तर सोडाच, "बरंच ऊन आहे" असंही वाटता कामा नये. त्वचेला वेदना साधारण ४३ ते ४५ अंशांच्या आसपास जाणवू लागते. म्हणजे दुखत नाही, एवढ्यावरून पाणी बाळासाठी बरं ठरत नाही.

कोपरही फसतं, ते मला जानेवारीतली थंडी आठवल्यावर कळलं. थंडीत उघड्या हाताची कातडी ३० अंशांच्याही खाली गेलेली असते. तेव्हा ३८ चं पाणी चांगलंच ऊन लागतं. माणूस विसण घालत राहतो आणि कोपराला "ना ऊन ना गार" वाटेपर्यंत पाणी ३३ वर उतरतं. त्यात बाळ कुडकुडतं. उन्हाळ्यात उलट होतं: कातडी ३५-३६ अंशांवर असते, ३८ चं पाणी जेमतेम जाणवतं आणि हात आणखी गरम पाण्याकडे जातो. यावर मी एक साधा उपाय धरला. पाणी पाहण्याआधी पाच मिनिटं हात शालीत किंवा काखेत गुंडाळून ठेवायचा. मग कोपराची तीच बाजू बाळाच्या कपड्याआडच्या पोटाला लावायची आणि लगेच पाण्यात बुडवायची. पोट साधारण ३६ अंशांचं. पाणी त्या पोटापेक्षा अगदी किंचित ऊन वाटलं की बाळाला पाण्यात घ्यायचं. तापमापक शेजारी ठेवून मी हे आठवडाभर करून पाहिलं. पाणी बहुतेक वेळा ३६ ते ३९ मध्ये आलं. याहून बारीक फरक कोपराला कळत नाही, आणि अंघोळीला त्याची गरजही नाही. फक्त ज्याला स्वतःला ताप आहे किंवा मधुमेहामुळे हातापायांना बधिरपणा आहे, त्याच्या कोपरावर विसंबू नये.

आमच्या गल्लीत निम्म्या गच्च्यांवर सोलर आहे. त्याचा एक धोका कोपरालाही चुकवून जातो. नळ उघडला की आधी पाइपात थांबलेलं गार पाणी येतं. माणूस त्याची परीक्षा करतो, "अजून गारच आहे" म्हणून तसाच सोडतो, आणि मिनिटाभराने त्याच धारेत टाकीतलं पाणी येतं. उन्हाळ्यात ते ६० अंशांच्या वर सहज असतं. नळाच्या धारेखाली बाळ किंवा म्हातारं माणूस कधीच धरायचं नाही. आधी बादलीत गार पाणी, मग त्यावर ऊन, मग नळ पूर्ण बंद, मग ढवळायचं, मग कोपर. आपल्याकडे आधी कढत ओतून वरून विसण घालायची सवय आहे. तेवढ्यात दाराची बेल वाजली तर रांगत्या मुलाच्या हाताशी कढत बादली उरते. गार आधी घातलं तर तो क्षण येतच नाही. पाण्यात विजेचा रॉड असेल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला कोपरच काय, बोटही लावायचं नाही.

त्याच घरात माझी आई आहे, ८१ वर्षांची, वीस वर्षांचा मधुमेह. तिच्या तळपायांना टाचणी टोचली तरी कळत नाही. तिची तक्रार मात्र एकच: "पाणी गार आहे गं, कढत दे." पारा ३९ वर असायचा. तिला ३८ ते ४० अंश पुष्कळ झाले, ४१ च्या वर मी जाऊ देत नाही. मधुमेहाने नसा बधिरल्या की पाय भाजतो आणि माणूस पाणी ओतत राहतो, फोड दुसऱ्या दिवशी दिसतात आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून तिच्या पाण्याची परीक्षा तिच्या पायाने कधीच नाही, दुसऱ्याच्या कोपराने. शिवाय कढत पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो. वर रक्तदाबाची गोळी घेतलेली असते. अशात ती उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या फरशीवर तोल जातो.

तिला गार लागत होतं हे खोटं नव्हतं. मी एक दिवस तिच्या न्हाणीघरात स्टुलावर बसून पाहिलं. वरची झडप उघडी होती, वाऱ्याची झुळूक थेट पाठीवर येत होती. एका तांब्यानंतर दुसरा येईपर्यंत ओल्या अंगावरचं पाणी वाफ होत राहतं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. गार होती हवा, पाणी नव्हे. पाणी ४४ चं केलं असतं तरी दोन तांब्यांमध्ये ती तशीच कुडकुडली असती. आता तिच्या अंघोळीआधी झडप लावतो, एक बादली ऊन पाणी फरशीवर सांडून खोली ऊबदार करतो, सुका टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकतो आणि आधी पाय, मग हात, असं एकेक अंग धुतो. शेवटी ती दोन मिनिटं स्टुलावर बसूनच राहते, मग धरून उठवतो. पाणी ३९ चंच आहे. परवा म्हणाली, "आज बरं तापलंय पाणी."