हॉट वर्क परमिट : वेल्डिंग थांबल्यानंतरचा तास

हॉट वर्क परमिट म्हणजे वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी. वर्कशॉपच्या ठरलेल्या वेल्डिंग बेमध्ये सहसा रोज ते लागत नाही. बेबाहेर, म्हणजे पेंट शॉपशेजारी, स्टोअरमध्ये किंवा जुन्या टाकीवर वेल्डिंगचा होल्डर लावायचा झाला की परमिट काढावं लागतं. आपल्याकडे त्याचं बीज 1948 च्या कारखाने कायद्यात सापडतं. ज्वालाग्राही पदार्थ ठेवलेल्या टाकीवर तो पदार्थ आणि वाफ काढून टाकल्याशिवाय, किंवा निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंग-कटिंग करायचं नाही, आणि धातू पुरेसा थंड झाल्याशिवाय तो पदार्थ पुन्हा भरायचा नाही, असं त्यात होतं. पण कोणी सही करायची आणि कोणी क्लोज करायचं, हा तपशील पुढे कारखान्यांनीच बसवत नेला.

1988 साली उत्तर समुद्रातल्या तेलफलाटावर 167 माणसं गेली. सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेल्या पंपाचं परमिट शिफ्ट बदलताना पुढच्या माणसांपर्यंत पोचलंच नव्हतं. ते वेल्डिंगचं परमिट नव्हतं, पण त्यानंतर परमिट कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातं, यावर सगळीकडेच जास्त काटेकोर लक्ष आलं.

वेल्डिंगच्या बाबतीत खरी ओढाताण आहे ती काम थांबल्यानंतरच्या पहाऱ्याची. अमेरिकेतल्या हॉट वर्कच्या मानकात तो बराच काळ अर्धा तास होता, 2019 च्या आवृत्तीत एक तास झाला. तिथल्या सरकारी नियमात मात्र अजूनही किमान अर्धा तासच आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना बोट दाखवायला कागद सापडतो. प्रॉडक्शनवाले म्हणतात, माणूस नुसता उभा राहतो. म्हणणं खोटं नाही, पण ठिणगी कॉटन वेस्टमध्ये, भुशात किंवा पुठ्ठ्याच्या घडीत शिरली की ज्वाळा न दाखवता धुमसत राहते, आणि अर्ध्या तासात ती उघडी पडेलच असं नाही. माझं मत एका तासाच्या बाजूचं आहे.

समजा, पेंट शॉपच्या भिंतीला ब्रॅकेट लावायचा आहे आणि शिफ्ट साडेपाचला सुटते. शिफ्ट इन्चार्ज जागा स्वतः पाहतो, साधारण 11 मीटरच्या आतलं थिनर, चिंध्या हलवतो, हलवता न येणाऱ्यावर फायर ब्लँकेट टाकतो, भिंतीच्या पलीकडची बाजूही बघतो आणि मग सही करतो. वेल्डर आणि फायर वॉचर सह्या करतात. होल्डर साडेचारलाच थांबला पाहिजे, नाहीतर पुढच्या शिफ्टच्या माणसाला जागेवर नेऊन पहारा सोपवावा लागतो. तास भरला की वॉचर जागेला हात लावून पाहतो, वेळ लिहितो, इन्चार्ज स्वतः पाहून क्लोजिंगची सही करतो. तोवर परमिट उघडंच.

नुसता कागदी कारभार चालला असेल तर फाइल उघडताच कळतं. काम संपल्याची आणि क्लोजिंगची वेळ एकच, तिन्ही सह्या एकाच पेनाच्या, आणि महिनाभर प्रत्येक परमिट बरोबर साडेपाचला बंद.