चिखलाच्या कपापासून चौरस मीटरपर्यंत: मातीतले बी मोजण्यामागचा इतिहास

गवताळ माळाचे पुनरुज्जीवन करायचे ठरले की पहिला प्रश्न असतो: बाहेरून बी आणून पेरायचे, की मातीत जे पडून आहे त्याच्यावर भिस्त ठेवायची? उत्तरासाठी मातीचे नमुने ट्रेमध्ये पसरून पाणी देतात आणि उगवलेली रोपे मोजून 'दर चौरस मीटरला इतके बी' असा आकडा काढतात. पद्धत दिसायला सोपी आहे. मात्र तिची आजची एकेक पायरी पूर्वी कुठेतरी हिशेब चुकल्यामुळे आलेली आहे.

डार्विनने १८५९च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एक प्रयोग सांगितला आहे. फेब्रुवारीत त्याने एका लहानशा तळ्याच्या काठाजवळ, पाण्याखालच्या तीन जागांतून तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर तो पावणेसात औंस, म्हणजे साधारण १९० ग्रॅम भरला. सहा महिने तो अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवलेले प्रत्येक रोप मोजून उपटले. न्याहारीच्या एका कपात मावेल एवढ्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. उपटण्याची सवय आजही तशीच आहे, कारण मोजलेले रोप ट्रेमध्ये राहिले तर ते दुसऱ्यांदा मोजले जाते, किंवा फुलून स्वतःच बी टाकते. पण ५३७ या आकड्यावरून तळ्याच्या एका चौरस मीटरला किती बी होते ते सांगता येत नाही. चमचा किती क्षेत्रावरून फिरला, किती खोल गेला, याची नोंद नाही. डार्विनला ती नकोच होती. पाणपक्ष्यांच्या पायाला लागलेल्या चिखलातून बी दूर जाऊ शकते का, एवढेच त्याला पाहायचे होते.

क्षेत्र आणि खोली यांचा हिशेब शेतकऱ्यांच्या गरजेतून आला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात विनिफ्रेड ब्रेंच्ली यांनी १९१८मध्ये पुरलेल्या तणांच्या बियांवर निबंध लिहिला. एके काळी नांगराखाली असलेली आणि नंतर गवताला सोडलेली शेते त्यांनी तपासली, तेव्हा कित्येक वर्षे वर गवत असूनही खाली शेतातल्या तणांचे जिवंत बी सापडले. पुढे कॅथरीन वॉरिंग्टन यांच्यासोबत त्यांनी ब्रॉडबाल्क या गव्हाच्या शेतातले तणांचे बी मोजले. तो निबंध १९३०चा. दोघींनी नमुने लगेच फेकून दिले नाहीत. माती अधूनमधून हलवत त्यांनी दीर्घकाळ रोपे मोजली, कारण जिवंत बी पहिल्या पाण्यालाच उगवते असे नाही. आपण एकाच पावसाळ्यात मोजणी आटोपतो, तेव्हा आपला आकडा किमान असतो, पूर्ण नसतो. अहवालांत हे वाक्य क्वचितच दिसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

१९३४मध्ये चिपिंडेल आणि मिल्टन यांनी कुरणांखालची माती तपासली. वर जे गवत दिसते आणि खाली जे बी असते त्यांचा मेळ बसत नाही, हे तिथे ठळकपणे समोर आले. असे का होते, याचा उलगडा १९७९मध्ये केन थॉम्पसन आणि फिलिप ग्राइम यांच्या कामाने बराचसा झाला. शेफील्डच्या परिसरातल्या दहा वेगवेगळ्या अधिवासांत त्यांनी वर्षभर पुन्हा पुन्हा नमुने घेतले. काही जातींचे बी काही महिनेच मातीत असते आणि पुढच्या हंगामात उगवून संपते. काहींचा साठा वर्षभर कायम राहतो. पहिल्या गटात गवते बरीच निघाली. म्हणजे नमुना कोणत्या महिन्यात घेतला यावर आकडा ठरतो, आणि पुनरुज्जीवनासाठी आपल्याला हवी असलेली जातच चुकीच्या महिन्यात शून्य दिसू शकते.

तिसरी अडचण जागेची होती. माती जाड पसरली तर खालच्या थरातले बी उजेडाअभावी उगवत नाही. पातळ पसरायची तर ट्रे किती लागणार? १९९६मध्ये नेदरलँड्समधल्या टेर हीर्ड्ट आणि सहकाऱ्यांनी माती आधी चाळणीवर धुऊन घेण्याची पद्धत मांडली. जाड चाळणीवर मुळ्या आणि काड्या अडतात, ०.२ मिलिमीटरच्या बारीक चाळणीतून चिकणमाती वाहून जाते, आणि मधला गाळ निर्जंतुक मातीवर काही मिलिमीटर जाडीने पसरता येतो. उगवणही लवकर आटोपते. काळ्या मातीत मात्र ढेकळे आधी भिजवून विरघळवावी लागतात, नाहीतर बी त्यांच्या पोटातच राहते.

आता आकड्याकडे येऊ. समजा ४ सेंटिमीटर व्यासाच्या नळीने ५ सेंटिमीटर खोल असे वीस नमुने घेतले. एका नमुन्याचे क्षेत्र १२.५७ चौरस सेंटिमीटर, विसांचे मिळून सुमारे ०.०२५ चौरस मीटर. म्हणजे ट्रेमधले एक रोप चौरस मीटरला जवळजवळ ४० बिया होऊन बसते. शेजारच्या कुंडीतून उडालेले आंबुटीचे एक बी सुद्धा ४० म्हणून नोंदले जाईल. म्हणूनच शेजारी नुसत्या निर्जंतुक मातीचे ट्रे ठेवतात. त्यांत जी जात उगवेल, तिची शेजारच्या ट्रेमधली रोपे नमुन्यातली धरायची की नाही, याचा विचार करावा लागतो.

या वीस नमुन्यांत मिळून ३३ रोपे आली तर आकडा होतो सुमारे १,३१०. बी एकसारखे विखुरलेले असते तर खरी संख्या साधारण ८७५ ते १,७५० यांच्या दरम्यान असेल असे म्हणता आले असते. पण नमुनावार वही उघडली आणि ३३पैकी २४ एकाच नळीतून आलेली दिसली, तर ती नळी बहुधा एखाद्या झाडाच्या पायथ्याशी पडली होती. मग तो १,३१० माळाचा नसून त्या झाडाचा आहे. उपाय जुनाच आहे: मोठे थोडे नमुने घेण्याऐवजी लहान पुष्कळ घ्यायचे, आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी लिहायची. सगळी माती एकत्र कालवली की हा पुरावाच जातो.

शून्याचेही असेच. वीस नळ्यांत एखादी जात एकदाही उगवली नाही, तर तिचे बी मातीत नाही असे ठरत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की ते चौरस मीटरला सुमारे १२० पेक्षा कमी असावे. हेक्टरी हिशेब केला तर ही मर्यादा बारा लाखांची आहे!

दख्खनच्या माळावर हे सगळे कुसळी गवतापाशी येऊन ठेपते. तिचे बी पावसाळ्यानंतर पिकून गळते, ओलावा मिळाला की कुसळाचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि बी जमिनीत शिरते. पण ताजे बी सुप्त असते. काही महिने कोरडे राहिल्याशिवाय ते नीट उगवत नाही. डिसेंबरात नमुना घेऊन लगेच पाणी दिले तर ट्रे रिकामाच राहील. तीच माती मेपर्यंत कोरडी ठेवून मग भिजवली तर चित्र बदलेल. ऑगस्टमध्ये नमुना घेतला तर बरेचसे बी आधीच उगवून गेलेले असेल. शिवाय नळी मारण्याआधी वरचा पालापाचोळा झाडून टाकला, तर त्यात अडकलेली कुसळे हिशेबाबाहेर जातात. आणि काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा काही बी त्यांतून ५ सेंटिमीटरच्या खाली उतरते, जिथे आपली नळी पोचतच नाही. त्यामुळे चौरस मीटरच्या आकड्याशेजारी नमुन्याचा महिना, खोली, पाचोळा घेतला की नाही, आणि ट्रे किती आठवडे भिजवले, या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर दोन माळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.