दोन टाक्यांमधला जोडपाइप पाण्याला उशीर का करतो?

मुंबईतल्या इमारतींच्या गच्चीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन टाक्या बहुधा तळाशी जोडपाइपाने जोडलेल्या असतात. पहिली टाकी उंच ओट्यावर ठेवून तिचे पाणी मोकळेपणाने दुसरीत पडू दिले, तर दुसरी किती भरली आहे याचा पहिलीवर काहीच परिणाम होत नाही. जोडपाइपातला प्रवाह मात्र दोन्ही पातळ्यांमधल्या फरकावर ठरतो, त्यामुळे दुसरी टाकी भरू लागली की पहिलीतून पाणी निघणे मंदावते.

प्रत्येक टाकीचा तळ 1 चौरस मीटर धरू, म्हणजे 1 सेंटिमीटर उंचीमागे 10 लिटर पाणी. एक कॉक दोन टाक्यांच्या मधे आणि दुसरा, शेवटचा, दुसऱ्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आहे; प्रत्येक कॉकमधून मिनिटाला 10 लिटर जादा पाणी जाण्यासाठी 10 सेंटिमीटर जादा दाब-उंची लागते असेही मानू. अशी एकटी टाकी आपल्या अंतिम बदलाचा 63 टक्के भाग 10 मिनिटांत गाठते. हाच तिचा कालस्थिरांक.

आता पहिल्या टाकीत येणारे पाणी एकदम मिनिटाला 10 लिटरने वाढवले आणि तसेच ठेवले. दुसरीची पातळी दोन्ही मांडण्यांत शेवटी 10 सेंटिमीटरनेच वाढेल. पहिलीची वाढ मोकळ्या मांडणीत 10, तर जोडलेल्या मांडणीत 20 सेंटिमीटर असेल, कारण तिला कॉकपुरता फरक राखायचा आहे आणि पलीकडची पातळीही वर आली आहे. म्हणजे स्थिरावण्यापूर्वी एकूण 200 ऐवजी 300 लिटर पाणी साठवावे लागते. त्याला 10 ने भागले की 20 आणि 30 मिनिटे मिळतात, आणि कालस्थिरांकांची बेरीज नेमकी तीच असते. माझ्या मते सगळे गणित या जादा 100 लिटरांत आहे.

गुणाकार मात्र बदलत नाही, तो 100 च राहतो. त्यामुळे 10 आणि 10 च्या जागी सुमारे 26.2 आणि 3.8 मिनिटे येतात: एक स्थिरांक बराच लांबतो, दुसरा आखडतो. म्हणूनच अगदी सुरुवातीला दुसऱ्या टाकीच्या पातळीचे दोन्ही मांडण्यांतले आलेख जवळजवळ एकावर एक बसतात; पण 90 टक्के बदलाला मोकळ्या मांडणीत सुमारे 39 मिनिटे लागतात, जोडलेल्या मांडणीत 64. पातळी मात्र कधीच हेलकावत नाही, कारण हे दोन्ही स्थिरांक नेहमी वास्तवच निघतात.

पहिल्या टाकीचा तळ दहापट लहान असता, तर साठा 110 वरून 120 लिटरच झाला असता आणि जोडणीचा परिणाम जेमतेम जाणवला असता. प्रत्यक्षात मांडणी कोणती हे ओळखायचे असेल, तर शेवटचा कॉक किंचित आवळून पहिल्या टाकीची पातळी हलते का, ते पाहावे.

खऱ्या कॉकमधला प्रवाह पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वरचे आकडे ठरावीक पातळीभोवतीच्या लहान बदलांनाच लागू पडतात. टाक्या अधिक भरलेल्या असतील, तर तेच कॉक अधिक लांब कालस्थिरांक देतात.